घातांक खाली का उतरतात, आणि ते वर कसे टिकवायचे

प्रश्न: «मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात दहावीला विज्ञान शिकवते. गुरुत्वाकर्षणावर सरावपत्रिका वर्डमध्ये केली, काही गणितं पुस्तकाच्या पीडीएफमधून घेतली. माझ्या लॅपटॉपवर घातांक नीट वर दिसतात. मुलांच्या ग्रुपवर टाकलं की 6 × 1024 आणि 10-11 असं होतं. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली तर काही ठिकाणी चौकोन आले आणि काही ठिकाणी उणे चिन्हच गेलं. दहाचे घात नेमके कसे टाइप करायचे की ते सगळीकडे तसेच राहतील?»

मॅडम, तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी एकाच दुखण्याच्या वाटल्या तरी त्या तीन वेगळ्या आहेत. घातांक खाली उतरणं वेगळं, चौकोन येणं वेगळं आणि उणे चिन्ह गायब होणं वेगळं. प्रत्येकाचं कारण निराळं, म्हणून उपायही निराळा. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि आमच्या भागातल्या शाळांच्या चाचण्यांचे पेपर टाइप करून देतो. तीनही प्रकार माझ्या टेबलावर नेहमी येतात. «सगळीकडे तसंच राहील» अशी एकच पद्धत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पत्रिका शेवटी कुठे जाणार आहे, कागदावर की फोनच्या पडद्यावर, त्यावर पद्धत ठरते.

आधी घातांक वर दिसतो म्हणजे संगणकात नेमकं काय असतं ते बघू. त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला सुपरस्क्रिप्टचा. तुम्ही 10 लिहिलं, पुढे 24 लिहिलं, 24 निवडून सुपरस्क्रिप्टचं बटण दाबलं. फाइलमध्ये मजकूर 1024 असाच राहतो. त्यातले शेवटचे दोन अंक लहान करून वर दाखवायचे, एवढी सूचना वर्डने सोबत ठेवलेली असते. व्हॉट्सॲपच्या संदेशात ही सूचना जातच नाही, नुसता मजकूर जातो, म्हणून तिकडे 1024 उमटतं. पीडीएफमधून कॉपी करतानाही हेच होतं. पुस्तकाच्या पानावर 10²⁴ दिसतं, पण तिथले अंक फक्त लहान आकारात आणि वरच्या जागी छापलेले असतात. कॉपी केलं की जागा आणि आकार मागे राहतात, हाती 1024 येतं. म्हणजे तुमच्या पत्रिकेतली काही गणितं ग्रुपवर टाकण्याआधी, पीडीएफमधून चिकटवतानाच बिघडली असण्याची शक्यता आहे. मूळ फाइल त्या नजरेने एकदा वाचून काढा.

दुसरा प्रकार म्हणजे चिन्हच वेगळं असणं. युनिकोडमध्ये ⁰ ¹ ² ³ ⁴ ⁵ ⁶ ⁷ ⁸ ⁹ आणि ⁻ अशी स्वतंत्र अक्षरं आहेत. इथे सूचना वगैरे काही नसते, वर असणं हाच त्या अक्षराचा आकार. ती संदेशातून, फॉर्ममधून, कुठूनही गेली तरी वरच राहतात. अट एकच: समोरच्या फॉण्टमध्ये ते अक्षर असायला हवं. नसेल आणि दुसऱ्या फॉण्टमधूनही मिळालं नाही, तर त्या जागी चौकोन येतो. तुमच्या प्रिंटमधले चौकोन इथून आलेले आहेत.

तिसरा प्रकार वर्डच्या समीकरणाचा. त्याची रचना मजकुरापासून वेगळी असते. कागदावर तो सगळ्यांत देखणा दिसतो, पण फोनवरची काही ॲप समीकरण दाखवतच नाहीत, तिथे नुसती मोकळी जागा दिसते. फाइल जुन्या .doc स्वरूपात जतन केली तर समीकरणाचं चित्र होऊन बसतं आणि मग त्यात दुरुस्ती करता येत नाही.

तुमच्या फाइलमध्ये कुठे कोणता प्रकार आहे हे ओळखायला नोटपॅड पुरेसं आहे. वर्डमधली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. घातांक खाली उतरला तर ती वर्डची सूचना होती. वर राहिला तर ती खरी अक्षरं आहेत. ग्रुपवर काय पोचणार, ते पाठवण्याआधीच इथे दिसतं.

आता सगळ्यांत घातक बिघाड कोणता, ते सांगतो. चौकोन आला तर मूल विचारतं, «मॅडम, इथे काय आहे?» त्याने नुकसान होत नाही. घातांक खाली उतरला की मात्र कुणी काही विचारत नाही. 1024 ही दिसायला चांगली सरळ संख्या आहे आणि मूल तिच्यावर इमानाने गणित करतं. तुमच्या विषयातलंच उदाहरण घेऊ: पृथ्वीच्या पृष्ठभागावर g काढा.

बरोबर छापलेलं गणित असं असेल:

G = 6.67 × 10⁻¹¹ N·m²/kg², M = 6 × 10²⁴ kg, R = 6.4 × 10⁶ m

g = GM/R² मध्ये किमती घातल्या की वर 6.67 × 6 = 40.02 आणि घातांकांची बेरीज −11 + 24 = 13, म्हणजे 40.02 × 10¹³. खाली 6.4 चा वर्ग 40.96 आणि 10⁶ चा वर्ग 10¹², म्हणजे 40.96 × 10¹². भागाकार 0.977 × 10, उत्तर सुमारे 9.77 m/s².

घातांक उतरलेल्या प्रतीवर हेच गणित मुलाला असं दिसतं: G = 6.67 × 10-11, M = 6 × 1024, R = 6.4 × 106. कॅल्क्युलेटर घेतलेलं मूल पहिल्याचं 66.7 − 11 = 55.7 करतं. दुसऱ्याचं 6144. तिसऱ्याचं 678.4, त्याचा वर्ग 460226.56. मग 55.7 × 6144 = 342220.8, आणि भागाकार 0.74. उत्तर लिहिलं: g = 0.74 m/s². हे उत्तर वेडंवाकडं दिसतही नाही. चंद्रावर g सुमारे 1.6 असतो हे पुस्तकात वाचलेलं असतं, मग 0.74 बघून मुलाच्या मनात शंका येण्याचं कारण नाही. तपासणाऱ्यालाही वाटतं, मुलाला गुणाकार जमला नाही. गुणाकार तर त्याने एकूण एक बरोबर केलेला असतो.

म्हणून मी प्रत्येक पत्रिकेच्या अगदी वर, प्रश्न सुरू होण्याआधी, एक तपासणीची ओळ घालतो:

10⁵ = 100000 (एक लाख)      10⁻³ = 0.001

मुलांना सांगून ठेवायचं की ही ओळ आधी वाचा. घातांक उतरला असेल तर तिथे «105 = 100000 (एक लाख)» असं दिसेल, आणि 105 म्हणजे एक लाख नव्हे हे दहावीतल्या कुठल्याही मुलाला कळतं. दुसरा भाग उण्यासाठी आहे. उणे चिन्ह उडालं तर «10³ = 0.001» दिसेल, तेही खटकतं. प्रत कितीही हातांतून गेली, तरी तिचं काही बिघडलंय का हे त्या प्रतीवरच कळतं. तपासणीची ओळ बाकीची गणितं ज्या पद्धतीने टाइप केली त्याच पद्धतीने टाइप करा, नाहीतर गणितं बिघडतील आणि ती एकटी शाबूत राहील.

आता कागदाकडे येऊ. आपल्याकडे कागद म्हणजे एक मूळ प्रत आणि तिच्या झेरॉक्स. पुष्कळदा त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स, कारण दुसऱ्या तुकडीच्या सरांनी तुमची प्रत नेलेली असते. दुकानात टोनर संपत आलेला असतो. अशा प्रतीत पहिला बळी जातो उणे चिन्हाचा. आपण कळफलकावरचं जे − म्हणून दाबतो, ती खरं तर हायफनची आखूड रेघ आहे. वर्ड सुपरस्क्रिप्ट करताना अक्षर साधारण दोन-तृतीयांश आकाराचं करतं. बारा पॉइंटच्या मजकुरात ती आठ पॉइंटची रेघ होते. पहिल्या झेरॉक्सला तिचा ठिपका होतो, दुसऱ्याला तो कागदाच्या डागांत मिसळून जातो. आणि 10⁻¹¹ चं 10¹¹ झालं की उत्तरात बावीस घातांकांचा फरक पडतो.

यावर दोन गोष्टी करा. पहिली, हायफनऐवजी खरं वजाबाकीचं चिन्ह वापरा. ते अधिक चिन्हाइतकं रुंद असतं. वर्डमध्ये `2212` टाइप करा, तेवढेच चार अंक निवडा आणि Alt आणि X एकत्र दाबा, त्या चार अंकांच्या जागी − येतो. गुणाकाराचं × याच पद्धतीने `00D7` लिहून Alt+X दाबलं की मिळतं. इंग्रजी x अक्षर गुणाकारासाठी वापरू नका, पुढे चल म्हणून x येतो तेव्हा मुलं अडखळतात.

दुसरी, वर्डच्या तयार सुपरस्क्रिप्टवर अवलंबून न राहता घातांकाचा आकार स्वतः ठरवा. मूळ मजकूर 14 पॉइंट ठेवा. घातांक, उण्यासकट, निवडा आणि 10 पॉइंट करा. मग Ctrl+D दाबा, उघडलेल्या खिडकीत `Advanced` मध्ये जा, `Position` ला `Raised` निवडा आणि शेजारी 5 पॉइंट घाला. घातांक ठसठशीत राहतो आणि किती वर न्यायचा तेही आपल्या हातात राहतं. खिडकीच्या तळाशी नमुना दिसतो. तिथे घातांकाचा पाया 10 च्या साधारण मध्यापासून वर सुरू झालेला दिसला की पुरे. वर्डचीच सोय वापरायची असेल तर घातांक निवडून Ctrl+Shift+= दाबायचं. लिब्रेऑफिसमध्ये त्यासाठी Ctrl+Shift+P आहे आणि गूगल डॉक्समध्ये Ctrl आणि पूर्णविराम. मजकूर 14 पॉइंट असेल तर एका पिढीच्या झेरॉक्सला हेही चालतं.

प्रत्येक ठिकाणी हे हाताने करत बसू नका. एकदा 6.67 × 10⁻¹¹ नीट बसवलं की ते निवडा, वर्डच्या `AutoCorrect Options` मध्ये जा, तिथे `Formatted text` वर खूण करा आणि `Replace` खाली `ggg` असं काहीतरी लिहून जतन करा. पुढे `ggg` लिहून स्पेस दिला की अख्खी किंमत वर-खाली सगळं सांभाळून येते. दहावीच्या पत्रिकांत त्याच त्या किमती येत राहतात: G, पृथ्वीचं वस्तुमान, पृथ्वीची त्रिज्या, प्रकाशाचा वेग 3 × 10⁸ m/s, इलेक्ट्रॉनचा प्रभार 1.6 × 10⁻¹⁹ C. एवढ्या घालून ठेवल्या तरी बहुतेक काम भागतं.

अपूर्णांकाच्या मांडणीसाठी, म्हणजे GM वर आणि R² खाली असं दाखवायचं असेल तेव्हा, समीकरण वापरा. Alt+= दाबा आणि हे लिहा:

```
10^(-11)
```

मग स्पेस दिला की कंस निघून जातो आणि −11 वर चढतो. उणे चिन्हही आपोआप खरं, रुंद येतं. मी समीकरण फक्त वेगळ्या ओळीतल्या सूत्रांसाठी ठेवतो. वाक्याच्या आत ते घातलं तर अक्षराची जात वेगळी दिसते आणि ओळींमधलं अंतर कमीजास्त होतं.

ओळ तुटण्याचाही एक प्रकार आहे, तो सहज नजरेतून सुटतो. ओळीच्या शेवटी «6.67 ×» राहतं आणि 10⁻¹¹ खालच्या ओळीत जातं. हायफन वापरला असेल तर त्याहून वाईट होतं: वर्ड हायफननंतर ओळ तोडू शकतं, मग «10⁻» वर आणि «11» पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. वाचणाऱ्याला वाटतं अकरावा प्रश्न सुरू झाला. खरं वजाबाकीचं चिन्ह वापरलं की हायफनची भानगड मिटते. × च्या दोन्ही बाजूंना साधी स्पेस न देता Ctrl+Shift+Space दाबून न तुटणारी स्पेस द्या, म्हणजे अख्खी संख्या एका ओळीत राहते.

शेवटी दुकानात वर्डची फाइल नेऊ नका. तिथल्या संगणकावर वर्ड जुनं असतं, तुमचा फॉण्ट नसतो, आणि गर्दीच्या वेळी दुकानदार प्रिंटची आज्ञा देऊन मोकळा होतो. घरीच `Save As` मधून पीडीएफ करा. पीडीएफमध्ये लागणारे फॉण्ट सोबत जातात, त्यामुळे चौकोन यायचं कारण उरत नाही. पेनड्राइव्हवर फक्त पीडीएफ ठेवा. दोन्ही ठेवल्या तर तो सवयीने वर्डचीच उघडतो. नेण्याआधी पीडीएफ स्वतः उघडून शोधाच्या चौकटीत `10` लिहा आणि एकेक जागा डोळ्यांखालून घाला. प्रत्येक ठिकाणी घातांक वर आहे का आणि जिथे उणे हवं तिथे ते दिसतं का, एवढंच बघायचं. आणि पहिली झेरॉक्स निघाली की बाकीच्या काढायला सांगण्याआधी ती हातात घेऊन तपासणीची ओळ वाचा. उणे पुसट वाटलं तर मूळ प्रतीवर काळ्या पेनाने रेघ गडद करा. याला कमीपणा नाही, आम्ही नेहमी करतो.

आता फोन. इथे दोन वाटा आहेत. पत्रिका अख्खी पाठवायची असेल तर तीच पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कागदाचा फोटो काढून टाकू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि लहान घातांकांचा पहिल्यांदा चिखल होतो, 6 आणि 8 मधला फरक कळत नाही.

पण तुमच्या गावात अडचण वेगळी असू शकते. रेंज येते-जाते, फोन घरात एकच, तोही वडिलांसोबत वावरात. अशा वेळी पीडीएफ उतरवण्यापेक्षा साधा संदेश लवकर पोचतो, हे मला माहीत आहे. तेव्हा युनिकोडची अक्षरंच कामाची. ही ओळ स्वतःलाच संदेश म्हणून पाठवून ठेवा आणि लागेल तसं त्यातून उचला:

```
⁰ ¹ ² ³ ⁴ ⁵ ⁶ ⁷ ⁸ ⁹ ⁻ ×
```

अनेक फोनच्या इंग्रजी कीबोर्डवर अंक दाबून धरला की त्याचं वरचं रूप दिसतं, निदान ² आणि ³ तरी. वरचं उणे ⁻ मात्र सहज सापडत नाही आणि मग लोक ⁰ ते ⁹ वरचे घेऊन उणे खालचं ठेवतात: 10-¹¹. हे अर्धवट रूप टाळा. मुलाला वाटतं दहातून काहीतरी वजा करायचंय. जीबोर्ड वापरत असाल तर सेटिंगमधल्या `Dictionary` मध्ये स्वतःचा शब्दसंग्रह असतो. तिथे `6.67 × 10⁻¹¹` हा शब्द आणि `ggg` हा त्याचा शॉर्टकट घालून ठेवला की टाइप करताना सूचनांत तो आपोआप येतो. गूगल फॉर्मवर चाचणी घेत असाल तर तिथेही हीच अक्षरं वापरा, प्रश्नाच्या मजकुरात सुपरस्क्रिप्टचं बटण मिळत नाही.

या अक्षरांची एक खोड आहे. ¹ ² ³ ही तीन चिन्हं 1987 च्या जुन्या लॅटिन संचापासून चालत आलेली असल्यामुळे ती जवळपास प्रत्येक फॉण्टमध्ये सापडतात. ⁴ पासून पुढची आणि ⁻ हे मागाहून वेगळ्या जागी आले आणि पुष्कळ फॉण्टमध्ये नसतात. मग 10²⁴ मधला 2 एका फॉण्टमधून येतो आणि 4 दुसऱ्यातून. दोघांची उंची जुळत नाही, एक जाड आणि एक बारीक दिसतो. वाचायला अडत नाही, पण कागदावर विसविशीत दिसतं. म्हणून ही अक्षरं मी संदेशापुरती ठेवतो आणि छपाईसाठी वर सांगितलेली पद्धत वापरतो. कागदासाठी वापरायचीच असतील तर आधी पाहा, तुमच्या फॉण्टमध्ये ही बारा चिन्हं एकसारखी दिसतात का. दिसत असतील तर खुशाल वापरा.

मराठी माध्यमाच्या पत्रिकेत एक अडचण आणखी येते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. मजकुराला तो फॉण्ट लावलेला असताना त्यात असं चिन्ह चिकटवलं तर त्या जागी भलतंच अक्षर उमटू शकतं. तुमच्या प्रिंटमध्ये चौकोनांच्या जोडीला असं काही दिसलं असेल तर कारण हेच. अशा फाइलमध्ये प्रत्येक संख्या, पहिल्या अंकापासून शेवटच्या एककापर्यंत, निवडून तिला टाइम्स न्यू रोमनसारखा साधा इंग्रजी फॉण्ट लावावा लागतो. नवीन पत्रिका करत असाल तर थेट युनिकोड मराठीत टाइप करा, मग हा प्रश्नच येत नाही.

देवनागरी अंकांबद्दलही विचारलं जातं: १० वर देवनागरी ८ चढवता येईल का? वर्डच्या सुपरस्क्रिप्टने चढतो, कागदापुरता दिसतोही बरा. पण युनिकोडमध्ये घातांकासाठी देवनागरी अंकांची वरची रूपं नाहीत. म्हणून संदेशात ते कधीच टिकणार नाही. पाया देवनागरी आणि घातांक इंग्रजी अशी भेसळ करण्यापेक्षा भौतिकशास्त्राच्या संख्यांना सरळ 10⁸ लिहा. सूत्रातली अक्षरं आणि एककं तशीही इंग्रजीतच असतात.

पत्रिकेत काय घालायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण टाइप करण्याशी त्याचा संबंध आहे म्हणून लिहितो. ज्या गणितात उत्तराचा अंदाज मुलाला आधीच असतो, तिथे घातांक बिघडला तर मूल स्वतः ओरडतं. आपल्या भागातली उदाहरणं यासाठी चांगली. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट, म्हणजे 2.92 × 10⁹ W. हे 2.92 × 109 असं उतरलं तर सुमारे 318 वॅट होतात, आणि घरातले चार-पाच पंखे चालवून संपेल एवढी वीज चंद्रपूर करत नाही हे मुलाला माहीत असतं. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे 1.8 × 10³ मीटर. तो 1.8 × 103 झाला तर 185 मीटर, आणि सहलीला जाऊन आलेलं मूल हे मानणार नाही. लहान संख्येसाठी कापूस घ्या. कापसाच्या एका तंतूची जाडी साधारण 15 मायक्रोमीटर, म्हणजे 1.5 × 10⁻⁵ मीटर. उणे उडालं तर तंतू दीड लाख मीटर जाड होतो, दीडशे किलोमीटर. पत्रिकेची सुरुवात अशा दोन-तीन गणितांनी करायची आणि G, M, R ची गणितं त्यानंतर ठेवायची, म्हणजे बिघडलेली प्रत पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते.

आणि एक, तुम्ही मुलांच्या वह्या तपासाल तेव्हासाठी. मूल कागदावर 10 च्या शेजारी त्याच ओळीत 24 लिहितं, थोडंसं वर, थोडंसं लहान, आणि पुढच्या पायरीत स्वतःच ते 1024 वाचतं. घातांकाचा पाया 10 च्या मध्याच्या वर असलाच पाहिजे असं मी फळ्यावर रेघ मारून दाखवतो. छापील पत्रिकेत घातांक ठसठशीत असला तर मुलाचा हातही तसाच वळतो.

राहता राहिला प्रश्न तुम्ही आधीच वाटलेल्या प्रतींचा. त्या परत मागवू नका. ग्रुपवर एक संदेश टाका, त्यात तपासणीची ओळ आणि G, M, R च्या तीन किमती युनिकोड अक्षरांत लिहा, आणि मुलांना आपापल्या कागदावर पेनाने त्या दुरुस्त करायला सांगा. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी ह्याच चार ओळी फळ्यावर लिहा. ज्या मुलांनी गणित आधीच सोडवलं असेल त्यांच्या वहीत g चं उत्तर 0.74 आलंय का ते बघा. आलं असेल तर त्या मुलाचे गुण कापू नका, त्याने छापलेलं गणित बरोबर सोडवलेलं आहे.